शब्दकोशातली नोंद मराठीत आणताना: आधी वाक्य, मग शब्द, शेवटी खूण

प्रश्न: इंग्रजी-मराठी शब्दसंग्रहाचं काम हाती घेतलंय. तक्त्यात मूळ शब्द, त्याची व्याकरणाची खूण आणि एक-दोन उदाहरणवाक्यं आहेत. एकेक रकाना तपासला तर बरोबर वाटतो, पण अख्खी नोंद वाचली की शब्द एकीकडे, खूण दुसरीकडे आणि वाक्य तिसरीकडे जातं. तिन्ही जुळवून कसं आणायचं?

तक्ता ज्या क्रमाने समोर येतो त्या क्रमाने भरू नका. बहुतेक जण आधी शब्दाला प्रतिशब्द लिहितात, मग खुणेचं भाषांतर करतात आणि शेवटी तो प्रतिशब्द वाक्यात कसाबसा बसवतात. तिथेच नोंद फुटते. मी उलट जातो. आधी उदाहरणवाक्य मराठीत आणतो, त्या वाक्यात आपसूक आलेला शब्द उचलतो, त्याचं कोशात द्यायचं रूप बनवतो आणि मग त्या मराठी शब्दाच्या वागण्यावरून खूण ठरवतो. पण त्याआधी एक गोष्ट काम देणाऱ्याकडून पक्की करून घ्या. या संग्रहात शीर्षशब्द इंग्रजीच राहणार आहे आणि मराठी हा त्याचा अर्थ आहे, की शीर्षशब्दच मराठी होणार आहे? पहिल्या प्रकारात उदाहरण इंग्रजी शब्दाचा वापर दाखवतं आणि मराठी वाक्य ते समजून घ्यायला मदत करतं. दुसऱ्या प्रकारात उदाहरणात मराठी शीर्षशब्द यायलाच हवा, नाहीतर ते उदाहरणच नव्हे. तुमच्या वर्णनावरून तुमचं काम पहिल्या प्रकारचं दिसतं, म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहितो. दुसऱ्या प्रकाराला शेवटी येतो.

एकच शब्द घेऊन सगळं दाखवतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. शब्द आहे ब्रेक. गाडीचा नव्हे, मोडतोडीचा. हा खुलासा करावा लागला, यातच एक धडा आहे. देवनागरीत लिहिलं की इंग्रजीतले दोन वेगळ्या स्पेलिंगचे शब्द एकसारखे दिसतात. म्हणून मूळ शीर्षशब्दाचा रकाना मूळ लिपीतच ठेवा आणि प्रत्येक अर्थाला स्वतःचा क्रमांक द्या. उच्चार देवनागरीत द्यायचा असेल तर त्याला वेगळा रकाना करा. त्यावरून नोंद शोधायची किंवा जुळवायची नाही.

समजा, तक्त्यात या शब्दाची क्रियापद म्हणून चार वाक्यं आहेत: दोर तुटल्याचं, कुणीतरी कप फोडल्याचं, एका मुलीच्या हाताचं हाड मोडल्याचं आणि वचन मोडल्याचं. इंग्रजीत चारही ठिकाणी एकच क्रियापद आहे. पहिल्या वाक्यात ते अकर्मक आहे, बाकी तिन्हींत सकर्मक.

आता प्रतिशब्दाचा रकाना झाकून फक्त वाक्यं मराठीत मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणणं महत्त्वाचं आहे, कारण डोळ्याला खपणारं भाषांतर कानाला खपत नाही. पहिलं वाक्य सहज येतं: दोर तुटला. चौथंही सहज येतं: त्याने वचन मोडलं. एवढ्यावरच दोन वेगळे शब्द मिळाले. मराठीत लांब, ताणलेली वस्तू तुटते, कडक वस्तू मोडते, काच किंवा मातीचं भांडं फुटतं. काडी मोडते, दोरी तुटते, आरसा फुटतो. हा फरक मराठी माणूस शिकत नाही, तो त्याच्या जिभेवरच असतो. पण शब्दसंग्रह वापरणाऱ्याला तो दिसायला हवा. नुसतं ‘तुटणे, मोडणे, फुटणे’ असं स्वल्पविराम देऊन ओळीने लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की तिघांतला कोणताही कुठेही चालेल. म्हणून प्रत्येक प्रतिशब्दाच्या आधी कंसात कशाबद्दल ते लिहा: (दोरी, तार) तुटणे; (काठी, हाड) मोडणे; (काच, भांडे) फुटणे. दोन शब्दांचा कंस पुरतो. त्यासाठी व्याख्या लिहीत बसायला नको.

खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात आहे.

मुलीचा हात मोडल्याचं इंग्रजी वाक्य शब्दशः आणलं तर ‘तिने हात मोडला’ असं होतं. हे वाक्य कुणालाही ऐकवा, तो लगेच विचारेल, कुणाचा? मराठीत ‘तिने हात मोडला’ म्हटलं की तिने दुसऱ्या कुणाचा तरी हात मुद्दाम मोडला असं वाटतं. पडून स्वतःचं हाड मोडलं असेल तर आपण ‘तिचा हात मोडला’ म्हणतो. कर्ता बदलला. ती मुलगी षष्ठीत गेली, हात कर्ता झाला आणि क्रियापद अकर्मक झालं. म्हणजे इंग्रजी शब्दाची खूण सकर्मक आहे आणि त्याच अर्थाच्या मराठी शब्दाची खूण अकर्मक. दोन्ही खुणा बरोबर आहेत. चूक होते ती एकच खूण दोन्ही भाषांना लावल्यामुळे.

कपाचंही तसंच. मूळ वाक्यात अपघात आहे की राग, हे इंग्रजी क्रियापद सांगत नाही, पण मराठीला ते सांगावं लागतं. ‘तिने कप फोडला’ म्हटलं तर दोष तिच्यावर जातो. ‘तिच्या हातून कप फुटला’ म्हटलं तर ती चूक होते. मूळ उदाहरणातून काहीच कळत नसेल तर मी दोन्ही वाक्यं देतो, पहिल्याला (मुद्दाम) आणि दुसऱ्याला (चुकून) अशी कंसात खूण करून. जागा एकाच वाक्यापुरती असेल तर त्या नोंदीत कोणता प्रतिशब्द दाखवायचा आहे ते पाहतो. प्रतिशब्द ‘फोडणे’ दिला असेल तर वाक्यात फोडणेच यायला हवं. शब्द ‘फोडणे’ आणि वाक्यात ‘फुटला’ अशी जोडी एका नोंदीत राहू देऊ नका. तुम्ही म्हणता तसं शब्द आणि वाक्य वेगळ्या वाटेने जातात, ते बहुतेक वेळा असंच होतं. भाषांतर करणाऱ्याने वाक्य कानाला बरं वाटेल असं दुरुस्त केलं, पण त्याबरोबर शब्द बदलायचा राहून गेला.

यातून तक्त्याचा नियम निघतो. व्याकरणाच्या खुणेचे दोन रकाने करा, एक मूळ शब्दाचा आणि एक मराठी शब्दाचा. मूळ रकान्याला हात लावू नका. मराठी रकाना वाक्यं झाल्यावरच भरा. माझ्या तक्त्यात वरच्या ओळी अशा दिसतात:

```
id         | src   | src_pos | tgt                   | tgt_pos
break-v-01 | break | v.i.    | (दोरी, तार) तुटणे       | अक्रि.
break-v-02 | break | v.t.    | (काच, भांडे) फोडणे      | सक्रि.
break-v-03 | break | v.t.    | (-चा हात, पाय) मोडणे   | अक्रि.
break-v-04 | break | v.t.    | (वचन, नियम) मोडणे      | सक्रि.
```

तिसरी आणि चौथी ओळ पाहा. मराठी क्रियापद एकच आहे, मोडणे, पण एकदा ते अकर्मक आहे आणि एकदा सकर्मक. ही चूक नाही. मराठीत काही क्रियापदं दोन्ही प्रकारे चालतात: काठी मोडली, त्याने काठी मोडली, दार उघडलं, तिने दार उघडलं. जुन्या मराठी कोशांत अशांना ‘उक्रि.’, म्हणजे उभयविध क्रियापद, अशी खूण आढळते. शब्दसंग्रहात मात्र मी ती टाळतो. प्रत्येक ओळ एकाच अर्थाची असते, आणि त्या अर्थाला क्रियापद कसं वागतं तेवढंच तिथे सांगायचं असतं. ‘उक्रि.’ ही शब्दाबद्दलची माहिती झाली, त्या वापराबद्दलची नव्हे.

खूण ठरवायची कशी? क्रियापदापुरती माझी कसोटी साधी आहे. वाक्य भूतकाळात न्या. कर्त्याला ‘ने’ लागला आणि क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे फिरलं तर बहुधा ते सकर्मक आहे: मुलाने काठी मोडली, मुलाने नियम मोडला. ‘ने’ आला नाही तर अकर्मक: काठी मोडली. या कसोटीला अपवाद आहेत आणि ते माहीत असलेले बरे. शिकणे, विसरणे, बोलणे या क्रियापदांना कर्म असूनही ‘ने’ लागत नाही. ती मराठी शिकली, तो चावी विसरला. इथे भूतकाळावर न थांबता ‘काय?’ असा प्रश्न विचारा. काय विसरला? चावी. उत्तर मिळालं, तेव्हा सकर्मक.

जोड्यांकडेही लक्ष ठेवा. इंग्रजीत एकच क्रियापद दोन्ही बाजूंनी चालतं, तिथे मराठीत अनेकदा दोन असतात: तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, जळणे आणि जाळणे, थांबणे आणि थांबवणे. मूळ नोंदीत ‘अकर्मक व सकर्मक’ अशी एकत्र खूण असेल तर ती ओळ मराठीत दोन ओळींत फोडावीच लागते. मी एकदा एका संस्थेसाठी तयार झालेला संग्रह तपासायला घेतला होता. त्यात खुणांचा रकाना एका झटक्यात शोधून-बदलून मराठी केला होता. परिणामी ‘जळणे’ सकर्मक झालं होतं आणि खाली उदाहरण होतं, ‘त्याने कागद जळले’. हे वाक्य कुणी विचार करून लिहिलेलं नव्हतं. खुणेशी जुळवायचं म्हणून ते तसं वाकवलं गेलं होतं. एकदा चुकीची खूण बसली की पुढचा माणूस तिच्याशी इमान राखण्यासाठी बरोबर वाक्यही बिघडवतो. म्हणून खूण शेवटी.

आता क्रियापदाबाहेर येऊ, कारण शब्दाचा प्रकारच बदलतो अशा जागा तिथे जास्त आहेत. इंग्रजीत भूक लागलेल्या माणसासाठी विशेषण आहे, हंग्री. कोश उघडला तर प्रतिशब्द मिळतो ‘भुकेला’, तोही विशेषण. खूण जुळली म्हणून आपण खूश होतो. मग उदाहरण येतं, ‘आय ॲम हंग्री’, आणि त्याचं मराठी ‘मी भुकेला आहे’ होतं. चूक म्हणता येणार नाही, पण जेवायला बसताना असं कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘मला भूक लागली आहे’. विशेषण गेलं, नाम आणि क्रियापद आलं आणि ‘मी’ चतुर्थीत गेला.

इथे विशेषणाला विशेषणच हवं हा हट्ट सोडायचा. मी दोन ओळी करतो. नामाच्या आधी येणाऱ्या वापरासाठी ‘भुकेलेला’ (वि.), उदाहरण: भुकेलेलं बाळ रडत होतं. वाक्यात विधेय म्हणून येणाऱ्या वापरासाठी ‘(-ला) भूक लागणे’, खूण ‘वाक्प्रयोग’, उदाहरण: मला भूक लागली आहे. दोन्ही ओळींच्या मूळ रकान्यात विशेषणाची खूण तशीच राहते.

कंसातला तो ‘-ला’ किरकोळ समजू नका. मराठीतली असंख्य क्रियापदं नाम आणि करणे, लागणे, देणे, पाहणे यांच्या जोडीतून बनतात, आणि प्रत्येक जोडी आपल्याबरोबर एक ठरावीक विभक्ती घेऊन येते. कुणाला मदत करायची, कुणाची वाट पाहायची, कशाचा वापर करायचा, कुणावर विश्वास ठेवायचा. इंग्रजीत ‘हेल्प’ आणि ‘यूज’ दोघांनाही साधं कर्म लागतं, मराठीत एकाला ‘-ला’ आणि दुसऱ्याला ‘-चा’. म्हणून शीर्षरूपातच लिहा: (-ला) मदत करणे, (-चा) वापर करणे, (-ची) वाट पाहणे. मग उदाहरणवाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं तरी ते घसरत नाही. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती 1831, सुधारून वाढवलेली 1857) नामांच्या नोंदींत त्या नामाबरोबर येणाऱ्या क्रियापदांचे धातू दिले आहेत: कर, दे, लाग, घाल असे. मराठीत नाम एकटं फिरत नाही, हे त्याने ओळखलं होतं. आपण इंग्रजीकडून मराठीकडे येतोय, पण ती सवय आपल्यालाही तितकीच उपयोगी आहे.

नामांच्या बाबतीत वेगळा त्रास आहे, लिंगाचा. मूळ खुणेत लिंग नसतं, कारण इंग्रजी नामाला ते लागत नाही. मराठी रकान्यात नुसतं ‘नाम’ लिहून भागत नाही, पु., स्त्री. किंवा न. लिहावंच लागतं. आणि ते तिथेच ठरवायचं, उदाहरण लिहिताना नाही. रुळलेल्या शब्दांचा प्रश्न नसतो. अडचण येते ती इंग्रजीतून आलेल्या शब्दांची. कुणी ‘मोठा स्क्रीन’ म्हणतं, कुणी ‘मोठी स्क्रीन’. ईमेल कुणाला ‘आला’, कुणाला ‘आली’. दोन्ही लोकांच्या तोंडी आहेत, त्यामुळे शुद्ध-अशुद्धाचा वाद घालत बसू नका. संग्रहापुरतं एक निवडा, खुणेत लिहा आणि मग सगळ्या उदाहरणांत तेच पाळा. हे पाळलं गेलं की नाही ते तपासायची सोपी जागा म्हणजे वाक्यातली विशेषणं आणि क्रियापदं. खूण म्हणते पु. आणि वाक्य म्हणतं ‘नवी स्क्रीन चालू झाली’, तर नोंद स्वतःशीच भांडते आहे. लिंगाबरोबर सामान्यरूपही ठरवून टाका: फाइलमध्ये की फायलीत, फाइल्स की फायली. दोन्ही रूपं एकाच संग्रहात दिसली की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

शीर्षरूपाबद्दल एक सूचना, विशेषतः तुमचा संग्रह सॉफ्टवेअरशी संबंधित असेल तर. क्रियापद नेहमी ‘-णे’ रूपात द्या: जतन करणे. पडद्यावरच्या बटणावर ‘जतन करा’ असतं आणि काम करता करता तेच आज्ञार्थी रूप शीर्षशब्दाच्या रकान्यात शिरतं. मग पुढचा भाषांतरकार तो शब्द तसाच उचलून ‘फाइल जतन करा झाली’ असलं काहीतरी लिहून बसतो. बटणाचं रूप हवंच असेल तर ते उदाहरणाच्या रकान्यात जाऊ द्या, तीच त्याची योग्य जागा. विकारी विशेषण पुल्लिंगी एकवचनी आकारान्त रूपात (चांगला, मोठा), नाम प्रथमा एकवचनात. हा जुना रिवाज आहे आणि तो मोडण्याचं कारण नाही.

प्रिपोझिशनच्या नोंदी आल्या की वेग कमी करा. इंग्रजीत ते नामाच्या आधी येतात, मराठीत त्यांचं काम विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय करतं, आणि तेही नामाला मागून चिकटून. म्हणून प्रतिशब्द जोडचिन्ह लावून लिहा: -त, -मध्ये, -खाली, -साठी. खूण ‘प्रत्यय’ किंवा ‘शब्दयोगी अव्यय’. जोडचिन्ह ही शोभा नाही. ‘खाली’ हा शब्द सुटा लिहिला की क्रियाविशेषण होतो: तो खाली बसला. जोडून लिहिला की शब्दयोगी: तो झाडाखाली बसला. उदाहरणात ‘झाड खाली’ असं तुटक लिहिलं तर शब्दाची जात बदलते आणि सामान्यरूपही हरवतं. इंग्रजीत या दोन कामांसाठी बहुधा दोन वेगळ्या नोंदी किंवा दोन वेगळ्या खुणा असतात, तेव्हा मराठीतही दोन ओळी ठेवा. आणि ‘द’, ‘अ’ यांसारख्या शब्दांना ‘तो’, ‘एक’ असे प्रतिशब्द देण्याचा मोह टाळा. तिथे प्रतिशब्दाऐवजी एका ओळीत स्पष्टीकरण द्या आणि मराठी खुणेचा रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकानाही खरीच माहिती देतो.

उदाहरणवाक्यांच्या भाषांतरात किती मोकळीक घ्यायची, हे नेहमी विचारलं जातं. माझी मर्यादा अशी: जो शब्द दाखवायला ते वाक्य घेतलं आहे त्याचा अर्थ आणि त्याची रचना हलवायची नाही, बाकी सगळं मराठीच्या सोयीने. पण काही वाक्यांत नेमका तोच शब्द सापळा असतो. ब्रेककडेच परत जाऊ. इंग्रजीत बातमी ‘ब्रेक’ होते, म्हणजे पहिल्यांदा लोकांपर्यंत पोचते. मराठीत ‘बातमी फुटली’ असा तयार वाक्प्रयोग आहे, तोही मोडतोडीच्याच शब्दापासून, त्यामुळे तो अलगद हाताशी येतो. पण ‘बातमी फुटणे’ म्हणजे गुप्त ठेवलेली गोष्ट बाहेर येणं. मूळ वाक्यात गुप्ततेचा मागमूस नसेल तर ‘बातमी आली’ किंवा ‘बातमी समजली’ असंच लिहावं लागेल. शब्दाचं मूळ चित्र जुळलं की अर्थ जुळतो असं नाही. अशा प्रत्येक ठिकाणी मी एक उलट प्रश्न विचारतो: हे मराठी वाक्य मला इंग्रजीत न्यायचं असतं तर मी हाच मूळ शब्द वापरला असता का? ‘बातमी फुटली’ नेताना मी ‘लीक’ म्हटलं असतं. म्हणजे ते इथलं नाही.

हाच उलट प्रश्न आणखी एका कारणाने कामाचा आहे. कधीतरी कुणी सांगेल की हा इंग्रजी-मराठी संग्रह आता उलटा करून मराठी-इंग्रजी करू, स्तंभांची अदलाबदल केली की झालं. तसं होत नाही. ‘तोडणे’ घ्या. दोरी तोडणे, फूल तोडणे, झाड तोडणे, संबंध तोडणे, यांतल्या प्रत्येकाला इंग्रजीत निराळं क्रियापद लागू शकतं. आपल्या तक्त्यात मात्र तो शब्द एका इंग्रजी शब्दापुढे, एका अर्थाने बसलेला असतो. उलटा केल्यावर वाचणाऱ्याला वाटेल की फूलही ‘ब्रेक’ करतात. प्रत्येक मराठी शब्दाचे अर्थ नव्याने मांडावेच लागतात.

आता दुसऱ्या प्रकाराबद्दल, जिथे शीर्षशब्दच मराठी होतो. तिथे वरचं सगळं लागू आहे आणि त्यावर दोन गोष्टी वाढतात. एक, ‘हेही पाहा’ असे आतले दुवे. मूळ एका शब्दाचे मराठीत तीन शीर्षशब्द झाले असतील तर त्याच्याकडे बोट दाखवणारा प्रत्येक दुवा त्या तिघांपैकी कुणाकडे जायचा ते हाताने ठरवावं लागतं. अर्थाला क्रमांक दिलेला असेल तर हे काम बरंच हलकं होतं. आणि अक्षरक्रम अर्थातच नव्याने लावायचा. दोन, उदाहरणं. मूळ वाक्य मराठी शीर्षशब्दाला पेलत नसेल तर ते टाकून द्या आणि नवं लिहा. भाषांतरकाराला ही परवानगी आहे का, हे कामाच्या सुरुवातीलाच लेखी विचारून घ्या, कारण काही ठिकाणी वाक्यांची संख्या आणि क्रम बदलायची मुभा नसते.

शेवटी तपासणी. शीर्षशब्द वाक्यात आहे का, हे संगणकाने शोधायचा प्रयत्न सगळेच करतात. मराठीत तो फसतो, कारण शब्द वाक्यात मूळ रूपात क्वचितच दिसतो. ‘मोडणे’ शोधाल तर ‘मोडला’ सापडणार नाही. ‘मोड’ एवढाच भाग शोधला तर बरंच काम होतं, पण जाणे-गेला, करणे-केले, येणे-आला, देणे-दिले अशा क्रियापदांत तोही निरुपयोगी. नामांतही तेच: आरसा-आरशात, देऊळ-देवळात, पाऊस-पावसात. म्हणून मी संगणकाकडून फक्त संशयित ओळींची यादी काढून घेतो आणि त्या डोळ्यांनी वाचतो. ज्या ओळी संगणकाला बरोबर वाटल्या त्यांतूनही अधूनमधून काही उचलून वाचतो, कारण शब्द सापडला म्हणजे तो त्याच अर्थाने आला असं नाही. ‘मोड’ सापडेल, पण तो अंकुर फुटण्याचा ‘मोड’ नाही ना, हे माणसालाच पाहावं लागतं.

त्यानंतर एक काम मी दुसऱ्याकडून करून घेतो. मूळ इंग्रजी रकाने लपवून फक्त मराठी शब्द, मराठी खूण आणि मराठी वाक्य, अशी पन्नासेक नोंदींची प्रत एखाद्या जाणत्या मराठी वाचकाला देतो. त्याला एवढंच विचारतो की वाक्यातला शब्द दाखव आणि तो खुणेप्रमाणे वागतोय का ते सांग. ‘तिने हात मोडला’ असली वाक्यं तिथे पहिल्या वाचनात पकडली जातात, कारण त्याच्या डोक्यात इंग्रजी वाक्य घोळत नसतं. आपल्या डोक्यात ते घोळत असतं, म्हणून ती आपल्या नजरेतून निसटतात. तो ज्या नोंदीपाशी अडखळतो तिथे आधी वाक्य दुरुस्त करा, मग शब्द त्याच्याशी जुळवा, मग खूण. क्रम तोच. आणि दुरुस्ती झाल्यावर त्याच शब्दाच्या बाकीच्या ओळीही पुन्हा उघडा. ब्रेकच्या तिसऱ्या ओळीत खूण बदलली तर चौथ्या ओळीत ती जशी होती तशीच राहायला हवी, आणि घाईत नेमकी तीही बदलली जाते.